सांधा कुणाचा, ते आधी ठरव

पोरी, गोल टाकीचं काँक्रीट काढायला बसलीस की आधी सूत्राकडे धावू नकोस. वर्तुळाचं क्षेत्रफळ तुला शाळेपासून येतं आणि घुमटाचं सूत्र कुठल्याही पुस्तकात सापडतं. हिशेब फसतो तो सांध्यावर. भिंत स्लॅबवर बसते, स्लॅब खालच्या रिंग बीमशी एकजीव होतो आणि घुमट वरच्या रिंग बीमवर टेकतो. या प्रत्येक ठिकाणी थोडं काँक्रीट असं असतं की ते दोघांच्याही हिशेबात जाऊ शकतं, नाहीतर दोघांच्याही हिशेबातून सुटू शकतं. म्हणून कागद घेतलास की पहिल्यांदा टाकीचा उभा छेद काढ आणि प्रत्येक सांध्यावर पेन्सिलीने एक आडवी रेघ मार. रेघेच्या वरचं एकाचं, खालचं दुसऱ्याचं. ही रेघ मारल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही.

आपल्या वसई-विरारकडे हे काम तुला पुन्हा पुन्हा करावं लागणार आहे. महापालिका 2009 साली चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून झाली, आणि पाणी येतं ते सूर्या, उसगाव, पेल्हार अशा लांबलांबच्या ठिकाणांहून. एमएमआरडीएच्या सूर्या योजनेत वसई-विरारसाठी दिवसाला 18 कोटी 50 लाख लिटर पाणी ठरवलेलं आहे. हे पाणी घरोघरी दाबाने पोचायचं तर मधे उंच टाक्या लागतातच. त्यांतली साधीशी एक लाख लिटरची टाकी मी तुला सोडवून दाखवतो. मापं उदाहरणाची आहेत, तुझ्या नकाशावर जी असतील तीच तू घ्यायचीस. जाडी किती ठेवायची हे डिझाइनवाल्याचं काम. आपलं काम त्याने दिलेलं काँक्रीट नीट मोजणं.

टाकीचा आतला व्यास 6 मीटर, स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या रिंग बीमच्या बुडापर्यंत भिंत 3.60 मीटर. पाणी तिथपर्यंत धरलं तर 28.27 गुणिले 3.60, म्हणजे सुमारे 101.8 घनमीटर. एक लाख लिटर सुटले. वरच्या बीमची 30 सेंटीमीटरची उंची पाण्याच्या वर मोकळी राहते, तोच आपला फ्रीबोर्ड.

भिंतीपासून सुरू कर. जाडी 200 मिमी. इथे व्यास कुठला घ्यायचा? आतला नाही, बाहेरचाही नाही, भिंतीच्या मधोमधचा, म्हणजे 6.20 मीटर. 3.1416 गुणिले 6.20 गुणिले 0.20 गुणिले 3.60, उत्तर 14.02 घनमीटर. आतला व्यास घेतलास तर 13.57 येतं, बाहेरचा घेतलास तर 14.48. मधल्या व्यासाचं उत्तर अंदाजाचं नाही, ते तंतोतंत आहे, कारण बाहेरच्या वर्तुळातून आतलं वजा केलं की नेमकं तेवढंच उरतं. पण यापेक्षा मोठी चूक उंचीत होते. नकाशावर भिंत स्लॅबपासून बीमच्या माथ्यापर्यंत सलग दिसते, म्हणून बरेच जण 3.90 घेतात आणि मग रिंग बीम वेगळा धरतात. एवढ्यानेच एक घनमीटरहून जास्त काँक्रीट दुसऱ्यांदा मोजलं जातं.

भिंतीच्या पायाशी आतून तिरकी भर असते, साइटवर तिला हाँच म्हणतात. 150 बाय 150 मिमीचा त्रिकोण फिरवायचा, पण त्याचा मध्य भिंतीपासून 50 मिमी आत असतो, म्हणून व्यास 5.90 धरायचा. 0.21 घनमीटर येतं. छोटं आहे, पण विसरू नकोस, कारण पाणी गळायला लागलं तर बहुतेक इथूनच लागतं आणि तिथे काँक्रीट कमी पडलेलं तुला परवडणार नाही.

वरचा रिंग बीम 300 बाय 300, आतली बाजू भिंतीच्या आतल्या बाजूशी समतल आणि 100 मिमी बाहेर आलेला. त्याचा मधला व्यास त्यामुळे 6.30 होतो, भिंतीचा 6.20 नाही. हे नकाशावर बघूनच घे, कारण काही ठिकाणी बीम भिंतीच्या मधोमध बसवलेला असतो. काँक्रीट 1.78 घनमीटर.

आता घुमट. याची भीती वाटते, पण वाटायचं कारण नाही. घुमट म्हणजे मोठ्या गोळ्याची वरची टोपी. पोटाच्या बाजूने पाया 6 मीटर आणि चढ 1 मीटर. गोळ्याची त्रिज्या काढायची तर पायाच्या त्रिज्येचा वर्ग अधिक चढाचा वर्ग, भागिले चढाची दुप्पट. 9 अधिक 1, भागिले 2, म्हणजे 5 मीटर. जाडी 100 मिमी आहे, तर मधल्या पृष्ठभागाची त्रिज्या 5.05. टोपीचं क्षेत्रफळ 2πRh, पण h सुद्धा त्याच प्रमाणात वाढवून 1.01 घ्यायचा. क्षेत्रफळ 32.05 चौरस मीटर, काँक्रीट 3.21 घनमीटर.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. एक, घुमटाला सपाट स्लॅब समजून 28.27 चौरस मीटर धरणं. त्याने 2.83 येतं, जवळजवळ 12 टक्के कमी. दुसरी, घुमट म्हणजे अर्धा गोळा समजून 3 मीटर त्रिज्येने मोजणं. त्याने 5.65 येतं, हे तर पाऊणपटीने जास्त. आणि चढ कुठून मोजलास ते पक्कं कर. पोट रिंग बीमच्या वरच्या आतल्या कडेपासून सुटतं, चढ तिथूनच. बीमच्या बुडापासून मोजलास तर 1.30 होतो आणि सगळी टोपी बदलते.

घुमटाला चढायउतरायचं मॅनहोल 60 बाय 60 सेंटीमीटरचं. आयएस 1200 च्या काँक्रीटच्या भागात 0.1 चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट करत नाहीत. हे 0.36 आहे, म्हणजे वजा करायचं: 0.04 घनमीटर. पाइपांची छोटी भोकं मात्र तशीच राहू दे, आणि सळईने व्यापलेली जागा तर कधीच वजा करायची नाही.

तळाचा स्लॅब 350 मिमी. खालचा रिंग बीम 300 रुंद आणि भिंतीच्या मधोमध, म्हणून स्लॅबची बाहेरची कड 6.50 मीटर व्यासावर येते. आतला 6 मीटर व्यास धरू नकोस, स्लॅब भिंतीच्या खालूनही जातो. 11.61 घनमीटर. खालच्या बीमची एकूण खोली 750 मिमी, पण त्यातली 350 स्लॅबने खाल्ली, उरली 400. 0.30 गुणिले 0.40 गुणिले 3.1416 गुणिले 6.20, 2.34 घनमीटर. नकाशावर "300 बाय 750" लिहिलेलं असतं आणि लोक तेच घेतात. पूर्ण खोली घेतलीस तर 4.38 येतं, दोन घनमीटरांहून अधिक फुकट. या एका ओळीवरून मी कुणाचंही एस्टिमेट तपासायला सुरुवात करतो.

बेरीज: भिंत 14.02, हाँच 0.21, वरचा बीम 1.78, घुमट 3.17, स्लॅब 11.61, खालचा बीम 2.34. एकूण 33.13 घनमीटर. खांब, ब्रेस आणि पाया यांचा हिशेब वेगळा, त्यांची उंची जागेप्रमाणे बदलते. साठ्याच्या पाण्याशी भाग दिलास तर काँक्रीट सुमारे तिसरा हिस्सा येतं. या आकाराच्या टाकीला हा भागाकार निम्म्यावर गेला किंवा पंधरा टक्क्यांवर आला तर परत छेद काढून बस.

आता साइटवर ही बेरीज तशीच नेऊ नकोस, ओताईप्रमाणे तोड. पहिल्या ओताईत स्लॅब, खालचा बीम, हाँच आणि भिंतीचा 100 मिमीचा किकर. किकरचे 0.39 धरून 14.55 घनमीटर. मग भिंतीतून ते 0.39 वजा, उरलेले 13.63 तीन लिफ्टमध्ये, प्रत्येकी साधारण साडेचार. शेवटी वरचा बीम आणि घुमट एकत्र, 4.95. 6 घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या पहिल्या दिवशी तीन गाड्या लागतील. घुमटाला एकच गाडी पुरते, पण तिरक्या पृष्ठभागावर काँक्रीट हळूहळू चढवावं लागतं, तोवर गाडी उन्हात उभी राहते. विरार फाट्याला हायवेवर गाड्यांची रांग लागली तर उशीर आणखी वाढतो. तेव्हा घुमट सकाळी लवकर घे.

मोजणीचा एक फायदा तुला ओतून झाल्यावर कळेल. शटरिंग सुटलं की भिंतीला बाहेरून टेप गुंडाळ. 6.40 व्यासाला घेर 20.11 मीटर यायला हवा. आतला व्यास बरोबर असताना घेर 20.20 आला, म्हणजे फक्त 9 सेंटीमीटर जास्त, तर भिंत 15 मिमी फुगलेली आहे आणि पूर्ण उंचीभर तशीच असेल तर एक घनमीटरहून जास्त काँक्रीट त्यात गेलं. घेर तळाशी, मध्यावर आणि माथ्याशी घे, कारण फुगवटा प्रत्येक लिफ्टच्या खालच्या भागात जास्त असतो, ओलं काँक्रीट तिथेच जोरात दाबतं.

घुमटाला वरून शटर नसतं, तिथे जाडी गवंड्याच्या हातावर ठरते. त्याचं क्षेत्रफळ 32 चौरस मीटर, म्हणजे दर 10 मिमी जाडीला 0.32 घनमीटर. शेवटच्या ओताईत 4.95 ऐवजी 5.6 लागलं आणि सांडलं काही नाही, तर घुमट सरासरी 20 मिमी जाड झाला. 4.6 मध्ये संपलं, तर तो सुमारे 10 मिमी पातळ आहे आणि आनंद मानायचं कारण नाही. अर्नाळा, भुईगावकडे खारा वारा लागतो. आयएस 456 किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतलं काँक्रीट तीव्र वर्गात धरतो, त्यामुळे सळईवरचं आवरण कमी पडलं की गंज लवकर धरतो. म्हणून ओतताना घुमटावर मीटर-मीटरवर 100 मिमी उंचीच्या सिमेंटच्या खुंट्या आधीच लावून घे आणि त्यांच्या डोक्याशी फळी फिरव. खुंट्यांची नोंद मोजमाप पुस्तिकेत घुमटाच्या ओळीखालीच टाक, शेजारी किती घनमीटरची गाडी आली आणि किती परत गेलं तेही लिही.