पासवर्ड बरोबर, तरी ‘चुकीचा’?

प्रश्न : मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पासवर्ड कॉपी करून टाकते, तरी वीजबिलाचं खातं उघडत नाही. हाताने टाइप केला तरी तेच. खातं कुणी हॅक केलं असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, घाबरू नका, तशी शक्यता कमीच. समजा, खरा पासवर्ड `tulas@482` आहे. मेसेज लिहिताना मुलाच्या फोनने पहिलं अक्षर परस्पर मोठं केलं, `Tulas@482` झालं. तेच बघून हाताने टाइप केलं तरी चूक तीच राहणार. शिवाय कॉपी करताना शेवटी एखादी स्पेस चिकटून येते. नऊ अक्षरांना दहा ठिपके दिसले, की समजा तीच आली.

चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबा. कर्सर अगदी शेवटी नेऊन एकदा खोडा. २ गेला, तर स्पेस नव्हती. तो परत टाका. मग पहिलं अक्षर लहान करून बघा किंवा मुलाला फोनवर विचारा. दोन-तीनदा फसलं, तर थांबा, कारण बऱ्याच ठिकाणी खातं काही काळ बंद होतं. त्यापेक्षा ‘पासवर्ड विसरलात?’वरून नवा घ्या. आणि तो मेसेजवर मागवू नका हं!