हळदीच्या शिजवणीत पाणी कधी, मीठ किती

हळद कधी काढायची, किती शिजवायची, कुठे वाळत घालायची हे वसमतच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. या हंगामात शिवारात फिरताना कानावर येतं ते दुसरंच. कुकरवर राबणाऱ्या माणसांचं तीन-तीन, चार-चार दिवस पोट साफ होत नाही, खडा होतो, कुंथून रक्त पडतं. मग कुणी एरंडेल घेतं, कुणी दुकानातून जुलाबाची गोळी आणतं. हे आधी बंद करा. गोळीने एकदा पोट मोकळं होतं खरं, पण अंगात उरलेलं पाणीही त्यासोबत निघून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीपुढे उभं राहिलात की पुन्हा खडा, आणि वर चक्कर.

घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. ती तूट भरून काढायला शरीर मोठ्या आतड्यातून मीठ आणि पाणी जास्त ओढून घेतं, त्यामुळे मल कोरडा पडतो. त्यात चूल सोडता येत नाही म्हणून आलेली कळ दाबली, तर तो आत पडून आणखी वाळतो.

मागच्या हंगामात एका शेतावर कुकर सांभाळणारा पन्नाशीचा गडी हीच तक्रार घेऊन आला. दुपारी घरी गेल्यावर तांबेच्या तांबे पाणी पितो, असं तो शपथेवर सांगत होता. पोती मोजायचा काटा तिथेच होता. सकाळी आठला त्याचं वजन भरलं ५८ किलो. बाराला अंग पुसून, कोरडे कपडे घालून पुन्हा उभं केलं, तर ५६. मधल्या वेळात तो लिटरभर पाणी प्यायला होता आणि लघवीला एकदाही गेला नव्हता. वजनातली एक किलोची घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी. दोन लिटर घटले, एक लिटर प्यालेलं, म्हणजे चार तासांत तीन लिटर घाम. दुपारी ढसाढसा पिऊन त्याला तहान भागल्यासारखं वाटायचं, पण सकाळची चार तासांची तूट शरीराने आधीच आतड्यातून वसूल केलेली असायची.

त्याला दर वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० मिलि, असं प्यायला लावलं. तासाला ६०० मिलि झालं. उरलेली तूट जेवणासोबत भागली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खडा गेला. एका दिवसात फरक पडत नाही म्हणून कुणी मध्येच सोडू नये. तासाला दीड लिटरच्या वर मात्र कुणीही पिऊ नये. नुसतं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो.

मिठाबद्दल फार गैरसमज आहेत. सकाळी भाकरी, पिठलं, लोणचं पोटात गेलं असेल तर दोन तासांच्या कामाला साधं पाणी पुरतं. न्याहारी टाळून कामाला जाऊ नका. खाल्ल्यावर आतडं जास्त हलतं. घाम तासन्‌तास गळत असेल तर मधूनमधून मीठ घातलेलं पातळ ताक घ्या, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायची. पेल्याभर पाण्यात अर्धी पुडी ढवळणारे मी पाहिले आहेत. ते पाणी फार तीव्र होतं आणि उलटा त्रास देतं. मिठाचे खडे चघळू नका. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मीठही आणि पाणीही डॉक्टरांना विचारूनच वाढवावं.

इसबगोल वाईट नाही, पण घोटभर पाण्यासोबत गिळलं तर तेच आत फुगून अडकतं. मोठा पेलाभर पाणी हवंच.

बायांबद्दल मालकांना स्पष्ट सांगतो. हळद मोडायला बसलेल्या बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नाही. चार बांबू आणि जुनी ताडपत्री एवढाच खर्च आहे. तो न करता पाण्याचा जार आणून ठेवला, तर तो भरलेलाच राहणार.

पाणी पुरतंय का हे लघवीवरून कळतं. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद आणि थोडी असेल तर कमी पडतंय. लघवी फिकट असूनही खडा होत असेल तर दोष पाण्याचा नाही. लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, पालेभाजी-डाळ ताटात आहे का, ते बघा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, किंवा रक्त वारंवार पडत असेल, तर घरचा उपाय न करता दवाखाना गाठा. अंग तापून माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.