फोटोतली बाईक काढायची, की मोबाइलचा टॉवर? मंजुरीच्या मेलला ‘ओके’ म्हणण्याआधी

वरसोलीत किंवा नागावात घरगुती निवास चालवणाऱ्यांचं बरंचसं बुकिंग आता फोटोंवर ठरतं. त्यामुळे फोटो काढून झाले की ते एडिटरकडे जातात. अंगणातली बाईक, आभाळातून गेलेली वायर, किनाऱ्यावरचे अनोळखी लोक काढून टाकायचे असतात. चार दिवसांनी मेल येतो. त्यात आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि ‘कृपया मंजुरी कळवा’ एवढं असतं. बहुतेक जण मोबाइलवर दोन्ही फोटो पाहतात आणि ‘मस्त, ओके’ लिहून मोकळे होतात. एकदा मंजुरी दिली की पुढची प्रत्येक दुरुस्ती नवं काम ठरू शकते, म्हणून पैशाच्या दृष्टीनं हा मेल महत्त्वाचा आहे.

नीट लिहिलेला मेल साधारण असा असतो:

‘नमस्कार ताई, तुमच्या दोन फोटोंचं काम झालं आहे. प्रत्येक फोटोची आधीची आणि नंतरची प्रत सोबत जोडली आहे. अंगणाच्या फोटोतून बाईक, निळी बादली आणि वरची वायर काढली. समुद्राच्या फोटोतून घोडागाडी आणि दोन माणसं काढली. बाकी कशाला हात लावलेला नाही. घोडागाडीचं ओल्या वाळूतलं प्रतिबिंबही काढलं आहे, ती जागा मोठी करून पाहा. ठरल्याप्रमाणे दुरुस्तीची एक फेरी दरात धरलेली आहे. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर शनिवारी मोठ्या आकाराच्या फाइल पाठवतो.’

यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य म्हणजे ‘बाकी कशाला हात लावलेला नाही’. तुमच्या मेलमध्ये ते नसेल तर विचारून घ्या. काय काढलं याची यादी नसलेल्या मेलला मंजुरी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर वाद झाला तर काय ठरलं होतं, हे त्या यादीवरूनच कळतं.

आता खर्च. दर दोन प्रकारे सांगितला जातो, फोटोमागे किंवा काढायच्या वस्तूमागे. फोटोमागे दर स्वस्त वाटतो, पण त्यात किती वस्तू धरल्या आहेत ते आधी ठरलेलं असावं. खरा खर्च एडिटरच्या वेळेचा असतो आणि वेळ वस्तूच्या आकारावर नाही, तर तिच्यामागे काय आहे यावर ठरतो. निरभ्र आभाळातली लांबलचक वायर काही मिनिटांत जाते. तीच वायर कौलांवरून किंवा सुपारीच्या झावळ्यांमधून गेली असेल, तर कौलांची ओळ न् ओळ आणि झावळीची पाती परत जुळवावी लागतात. तिथे तासही लागू शकतो.

ओहोटीचा किनारा तर फारच अवघड. वरसोलीहून कुलाबा किल्ल्याच्या दिशेनं फोटो घेतला की खाली ओली, चकचकीत वाळू असते. घोडागाडी काढली तरी तिची सावली, प्रतिबिंब आणि चाकांच्या रेघा उरतात, म्हणजे एका वस्तूचं काम चौपट होतं.

समजा, सोपी वस्तू 100 रुपये आणि अवघड वस्तू 400 रुपये असं ठरलं आहे. हे आकडे हिशेब समजावण्यापुरते. तुमच्या एडिटरचा दर वेगळा असेल. अंगणाच्या फोटोतल्या तीन सोप्या वस्तूंचे 300 रुपये. समुद्राच्या फोटोत घोडागाडी अवघड, आणि दोन माणसं ओल्या वाळूत शेजारी उभी असल्यानं मिळून एक अवघड वस्तू धरली, म्हणजे 800. एकूण 1,100. एडिटरची जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्क्यांनी 198 रुपये वाढून 1,298. नोंदणी नसेल तर त्याला जीएसटी आकारता येत नाही, म्हणून कर लावलेल्या बिलावर जीएसटी क्रमांक आहे ना, ते बघा. आणि बाईक, बादली यांचे 200 रुपये फोटो काढण्याआधी त्या वस्तू बाजूला ठेवल्या असत्या तर वाचले असते.

मेल आल्यावर फोटो मोबाइलवर तपासू नका. ग्राहक तुमचा फोटो लॅपटॉपवर मोठा करून पाहू शकतो. दोन्ही प्रती सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच कापलेल्या हव्यात, नाहीतर तुलना होत नाही. `angan-before.jpg` आणि `angan-after-v1.jpg` अशी नावं असली तर पुढे गोंधळ होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत दाबली जाऊन तिचा बारकावा जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवा.

मग फोटो शंभर टक्के आकारात उघडा आणि जिथून वस्तू गेली तिथेच नजर लावा. वाळूतली तीच लाट, तोच शिंपला शेजारी पुन्हा दिसतो का? असेल तर शेजारचा तुकडा तसाच डकवला आहे. एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा गुळगुळीत वाटतो का? क्षितिजाची रेघ किंवा कौलांची कड मध्येच सरकली आहे का? बाईक गेली, पण तिची सावली राहिली का? खिडकीच्या काचेतही एकदा डोकावा, काढलेली वायर तिथे शिल्लक असू शकते. यातलं काही सापडलं तर ती कामातली उणीव आहे आणि दुरुस्ती फुकट व्हायला हवी. पण फोटो बघून ‘आता ती प्लॅस्टिकची खुर्चीही काढा’ असं तुम्हाला वाटलं, तर ते नवं काम. त्याचे 100 रुपये देणं रास्त आहे.

शेवटी काय काढायचंच नाही, याबद्दल. बाईक, वाळत घातलेले कपडे, किनाऱ्यावरची माणसं आज आहेत, उद्या नाहीत. ती काढल्यानं येणारा पाहुणा फसत नाही. पण घरामागचा मोबाइल टॉवर, शेजारी उभी राहिलेली इमारत, समुद्र आणि घर यांच्यामधला रस्ता कायमचे आहेत. ते पुसून टाकलेल्या फोटोवर पैसे भरून आलेल्या कुटुंबाला दारात उतरताच फसवल्यासारखं वाटेल, आणि ते योग्यच असेल. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या. जिथे सुपारी उरली नाही तिथे फोटोत दाट वाडी उभी करणं हे एडिटिंग नव्हे, ती खोटी जाहिरात. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. टॉवर काढायला एडिटर तयार असला तरी त्या बदलाला मंजुरी तुम्हीच देता, म्हणून जबाबदारीही तुमचीच.

उत्तर लिहिताना प्रत्येक फोटोचं नाव घेऊन लिहा: ‘अंगणाचा फोटो, पहिली प्रत, मंजूर. समुद्राच्या फोटोत डावीकडे चाकाची रेघ दिसते, ती काढून दुसरी प्रत पाठवा. वस्तूंची यादी आणि ठरलेले 1,100 रुपये यात बदल नाही.’ मूळ फोटो मात्र जपून ठेवा आणि एडिटरकडून अंतिम फाइल पूर्ण आकारात, कोणताही शिक्का नसलेली मागून घ्या. पुढच्या वर्षी रंग दिलात किंवा कुंपण बदललंत, तर काम तिथूनच सुरू करता येईल.