मैदानातील सभेत वक्त्याचा परिचय

सभागृहाच्या भिंती बाहेरचा आवाज अडवतात. मैदानात तसा आडोसा नसतो. आठवडी बाजाराच्या दिवशी सभा असेल, तर विक्रेत्यांच्या हाका आणि वाहनांचे भोंगे चालूच राहतात. अशा वेळी ‘आज आपणांस लाभलेले सन्माननीय...’ अशी लांबलचक सुरुवात केल्यास श्रोते वळून पाहण्यापूर्वीच वक्त्याचे नाव गोंगाटात विरून जाते.

म्हणून पहिल्या वाक्याचे काम माहिती देणे नसून लक्ष वेधणे हे असते. ते पाच-सहा शब्दांचे आणि श्रोत्यांच्या जीवनाशी निगडित असावे.

समजा, माती परीक्षणावर कृषी अधिकारी बोलणार आहेत. सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपकासमोर क्षणभर थांबावे आणि विचारावे, “तुमच्या शेताला कोणते खत हवे?” यानंतर दोन-तीन सेकंद स्तब्ध राहावे. माना वळल्या, की पुढे म्हणावे, “अंदाजाने टाकलेले खत पैसा वाया घालवते. माती कशी तपासावी, हे सांगणार आहेत आपल्या तालुक्याचे कृषी अधिकारी, श्री. ...” नाव सर्वांत शेवटी, सावकाश उच्चारावे, म्हणजे टाळ्या नावापाठोपाठ येतात व नाव झाकले जात नाही.

माना वळल्या नाहीत, तर ‘शांत बसा’ असे ओरडू नये; त्याने गोंगाटात भरच पडते. जवळचा भोंगा थांबू द्यावा व तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

कृती : तुमच्या वस्तीतील मैदानात परिचारिका बालकांच्या लसीकरणावर बोलणार आहेत. त्यांच्या परिचयाचे पहिले वाक्य सहा शब्दांत लिहा.