पत्र थांबवून फोन केव्हा करावा?

व्यापारी पत्रव्यवहार आपण वाणिज्य शाखेत शिकतो. पण पत्र केव्हा थांबवावे हे मला नोकरीत शिकावे लागले. कॉलेज सुटल्यावर मी एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो. गेल्या जूनमध्ये हुबळीच्या एका पुरवठादाराशी आमचा ई-मेलवर वाद झाला.

बिल ४८,६०० रुपयांचे, तारीख ३ जून. पंधरा दिवसांत पैसे दिल्यास पाच टक्के सूट. माल आम्हांला ९ तारखेस मिळाला आणि २२ तारखेस आम्ही २,४३० रुपये कापून रक्कम भरली. ते बिलाच्या तारखेपासून दिवस मोजत होते, आम्ही माल मिळाल्यापासून. पहिल्या दोन पत्रांत तारखा होत्या. तिसऱ्यात 'आधीच कळविल्याप्रमाणे' आले. पाचव्यात त्यांनी आपल्या मालकांना प्रत पाठविली आणि 'तुमची नेहमीचीच पद्धत' असे लिहिले. नवी माहिती संपून तेच उत्तर दुसऱ्यांदा येऊ लागले आणि आकड्यांऐवजी माणसांविषयी लिहिले जाऊ लागले, की पत्राचे काम संपले असे समजावे.

मी तिखट उत्तर लिहून ठेवले होते. ते पुसले आणि मालकांना विचारून एवढेच लिहिले: "दिवस कोठून मोजायचे, हे मला पत्रात नीट मांडता आले नाही. आपल्या सोयीने उद्या अकरा किंवा चार वाजता दहा मिनिटे फोन करू का? बिल व लॉरीची पावती समोर ठेवू. जे ठरेल ते संध्याकाळी मी लिहून पाठवीन."

यात उणेपणा मी स्वतःकडे घेतला. 'ताबडतोब फोन करा' लिहिले असते, तर तो हुकूम झाला असता. वेळ आणि विषय आधी कळविल्याने समोरच्याला कागद काढून ठेवता येतात. न विचारता फोन केला, तर तो बेसावध सापडतो आणि अधिकच अडून बसतो.

दुसऱ्या दिवशी पलीकडून "हेळ्री" ऐकले आणि मी कन्नडमध्येच बोललो. पाच पत्रे आम्ही दोघांनीही परक्या इंग्रजीत लिहिली होती! तेथील कारकून म्हणाले, "ही तूट मालकांनी माझ्या नावे टाकली आहे हो." हे पत्रात कोठेच नव्हते. मग लॉरीची पावती पाहिली: माल निघालाच ७ जूनला. तेथून पंधरा दिवस मोजले, तर २२ तारीख मुदतीत बसत होती. त्यांच्या मालकांनीही ते मान्य केले.

संध्याकाळी मी चार ओळींत ठरलेले लिहून सर्वांना पाठविले. ते केले नसते, तर महिन्याने वाद पुन्हा उभा राहिला असता. मात्र समोरचा बोललेले नाकारणारा असेल किंवा प्रकरण नोटिशीवर गेले असेल, तर फोनचा आग्रह धरू नये. तेथे लेखी पत्रच बरे.