शिक्का परत आला, पासवर्ड राहिला

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या फलकावर एक नोटीस लागली. 'प्रवेशद्वारावरील कॅमेरा यापुढे फक्त कार्यकारिणीच्या सदस्यांना मोबाईलवर पाहता येईल. पासवर्ड बदलण्यात आला आहे. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.' खाली सचिवांची सही आणि शिक्का. ही नोटीस माझ्या तक्रारीमुळे लागली आणि ती कुचकामी आहे हेही मीच दाखवून दिलं. तरी आमच्या इमारतीत अजून काही जण म्हणतात की मॅडमनी राईचा पर्वत केला. त्यांनी हे जरूर वाचावं.

प्रकार उघडकीला आला तो साताऱ्यात, एका लग्नात. आमचे माजी सचिव फ्लॅट विकून साताऱ्याला मुलाकडे राहायला गेलेत. पंगतीत नेमके माझ्यासमोर बसले. जिलेबी वाढून घेतली आणि म्हणाले, "वहिनी, कन्येला हल्ली फार उशीर होतो का हो? परवा पावणेबाराला आली. सोडायला आलेला मुलगा कोण? पाहुण्यातला का?"

तो मुलगा कोण, हे मी त्यांना सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. आधी राग आला तो या भोचकपणाचा. मग मठ्ठ्याचा ग्लास तोंडाला लावताना लक्षात आलं, की सांगलीतलं पावणेबाराचं यांना साताऱ्यात कसं कळलं? विचारल्यावर त्यांनी लपवलंसुद्धा नाही. खिशातून मोबाईल काढला, ॲप उघडलं, आणि विश्रामबागमधलं आमचं फाटक ताटाशेजारी दिसू लागलं. वॉचमन खुर्ची सावलीत ओढत होता. "सवय हो जुनी. बसल्या बसल्या बघतो. तुमच्या सगळ्यांवर लक्ष असतं माझं." म्हणजे उपकारच!

सांगलीला आल्यावर अध्यक्षांकडे गेले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, घरात लपवण्यासारखं नसेल तर भ्यायचं कशाला?" दुसरं, "गेटचा तर कॅमेरा, त्यात काय एवढं?" त्यांना मी राजकोटची आठवण करून दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातलं तपासणी खोलीचं चित्रण टेलिग्रामवर विकायला आल्याचं उघड झालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत एक जण लातूरचा होता आणि एक आपल्या सांगली जिल्ह्यातला. कॅमेऱ्यांत शिरायला पासवर्ड admin123 सारखा बाळबोध असणं पुरलं, असं पुढे वृत्तपत्रांत आलं. अध्यक्ष म्हणाले, बघतो. आणि मग ती नोटीस लागली.

नोटीस लागली त्याच संध्याकाळी मी अध्यक्षांना फाटकाशी बोलावलं. मोबाईल स्पीकरवर टाकला आणि साताऱ्याला फोन लावला. "भाऊजी, मी आत्ता कुठे आहे, सांगा बरं." दोन-चार सेकंद शांतता. मग, "फाटकातच की! हातात पिशवी दिसते, बाजारला निघालात का? आणि शेजारी अध्यक्षसाहेब, नमस्कार!" अध्यक्षांनी आपसूक कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार केला. तो क्षण मी जन्मात विसरणार नाही.

मग पासवर्ड बदलला तो कुठला? अध्यक्षांनी बदलला होता तो त्यांच्या स्वतःच्या मोबाईलमधल्या ॲपचा. फाटकाचं कुलूप तेच ठेवून आपल्या किल्लीला नवी कडी घालावी, तशातला प्रकार. कॅमेऱ्याचं चित्रण ज्यात साठतं तो डीव्हीआर मीटररूममध्ये असतो. त्याचं स्वतःचं वेगळं खातं असतं, बहुतेक ठिकाणी admin नावाचं, आणि त्याचा पासवर्ड वेगळा. आमच्यासारख्या यंत्रांत ज्या कोणी डब्यावरचा क्यूआर स्कॅन करून हा पासवर्ड एकदा आपल्या मोबाईलमध्ये घातला, त्याला तो यंत्राचा पासवर्ड बदलेपर्यंत जगात कुठूनही फाटक दिसत राहतं. फ्लॅट विकला, गाव सोडलं, तरी यंत्राला त्याचं काय?

आमच्याकडे हा पासवर्ड ज्याने कॅमेरे बसवले त्याने डीव्हीआरच्या पाठीवर पेनने लिहून ठेवला होता. मीटर वाचायला येणाऱ्यालाही तो दिसत असणार.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत गोष्ट आणखी अवघड असते. तिथे डीव्हीआर ज्या खात्यावर पहिल्यांदा नोंदवला जातो, त्या खात्याचीच त्यावर मालकी बसते आणि बाकीच्यांना त्याने वाटलेला वाटा मिळतो. बहुतेक वेळा हे पहिलं खातं कॅमेरे बसवणाऱ्याच्या किंवा त्या वेळच्या सचिवाच्या खासगी मोबाईल नंबरवर असतं. अशा ठिकाणी नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही. त्या माणसाने स्वतःच्या ॲपमधून यंत्र काढून टाकावं लागतं, किंवा कंपनीकडे संस्थेचं पत्र आणि यंत्राचा क्रमांक देऊन ते सोडवून घ्यावं लागतं. तुमचं यंत्र कुठल्या प्रकारचं हे ओळखायला सोपं आहे. नव्या मोबाईलवर ते जोडून बघा. पासवर्ड घातल्यावर चित्र आलं तर पहिला प्रकार. 'हे यंत्र दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे' अशा अर्थाचा निरोप आला तर दुसरा.

शेवटी कुपवाड रोडवरून एक तरुण तंत्रज्ञ आणला. खर्च मीच केला, नंतर मागून घेतला, हेही नमूद करते. मीटररूममध्ये डीव्हीआरला मॉनिटर आणि माऊस जोडून त्याने आधी Online User हा पडदा उघडला. तिथे admin, admin, admin अशी रांग. कोण कोण आहे? सांगता येईना, कारण सगळे एकाच नावाने शिरलेले. पत्त्याच्या रकान्यातही 127.0.0.1, म्हणजे यंत्राचा स्वतःचाच पत्ता. ॲपमधून कंपनीच्या सर्व्हरमार्गे आलेला माणूस पुष्कळ यंत्रांत असाच दिसतो, असं तो म्हणाला. जुनी नोंद चाळली तर तिथेही हेच. माजी सचिवांनी किती वेळा पाहिलं, आणखी कोणी पाहिलं, हे आता कधीच कळणार नाही. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन दिलं की चौकशीचा रस्ताच बंद होतो. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे.

मग त्याने जे केलं ते तुमच्या सोसायटीतही याच क्रमाने करून घ्या. Account मध्ये जाऊन admin चा पासवर्ड बदलला. पासवर्ड विसरल्यास कोड ज्या ईमेलवर जातो तो बघितला, तर तो माजी सचिवांचाच निघाला! हे पाहायचं कोणाच्याही डोक्यात येत नाही. तिथे संस्थेचा ईमेल घातला. यादीत कारखान्यातूनच आलेली जादा खाती आहेत का तपासलं. काही जुन्या यंत्रांत 888888 आणि 666666 अशी असतात, त्यांचेही पासवर्ड बदलावे लागतात. मग पदाच्या नावाने दोन नवी खाती उघडली, sachiv आणि khajindar, आणि त्यांना फक्त थेट चित्र व मागचं चित्रण पाहण्याची मुभा ठेवली. मांडणी बदलण्याची किंवा चित्रण पुसण्याची नाही. शेवटी डीव्हीआर बंद करून पुन्हा चालू केला, कारण आधीपासून उघडी असलेली जोडणी कधी कधी पासवर्ड बदलल्यावरही टिकून राहते. नंतर साताऱ्याला फोन लावला. "काय झालं हो? फिरतंय नुसतं, चित्रच येईना." आवाज असा, जणू त्यांच्या घरची वीज तोडली.

त्यांच्या काळातलं दप्तर त्यांनी नव्या कार्यकारिणीला दिलं होतं, त्याची यादी मी मागून पाहिली. शिक्का, चेकबुक, पासबुक, सभांची इतिवृत्तं, पाण्याच्या टाकीच्या झाकणाची किल्लीसुद्धा. कॅमेऱ्याचं नाव नाही. म्हणून माझा आग्रह हा, की admin चा पासवर्ड बंद लिफाफ्यात, सहीनिशी संस्थेच्या दप्तरात राहावा, हस्तांतरणाच्या यादीत त्याची ओळ असावी, आणि कार्यकारिणी बदलली, पदाधिकारी गेला किंवा त्याने फ्लॅट विकला की त्याच आठवड्यात पासवर्ड बदलून तारीख लिहावी.

नोटिशीत 'कार्यकारिणीचे सदस्य' असं मोघम लिहू नका. आमच्या कार्यकारिणीतले सगळे, त्यांची मुलं, कधी मुलांचे मित्रसुद्धा बघत होते. कोणत्या दोन पदांना दुरून पाहता येईल, कशासाठी, आणि घरच्यांना दाखवायचं नाही, हे लिहा. वॉचमनला मोबाईलवर काही लागत नाही, केबिनमधला मॉनिटर पुरतो. सभासदाला काही पाहायचं असेल तर तारीख आणि वेळ लिहून अर्ज, सचिवांसमोर पाहणं, प्रत हातात नाही. आणि हे सगळं सर्वसाधारण सभेच्या ठरावात बसवा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, तेव्हा विषयपत्रिकेवर घालायला सांगा. नुसती नोटीस पुढचा सचिव फाडून टाकू शकतो. मला कोणी तरी सुचवलं होतं की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई लावा. ते कलम खासगी अवयवांच्या चित्रणाचं आहे, फाटकात उभ्या असलेल्या माणसाला ते लागत नाही. त्यामुळे ठराव हाच आपला आधार.

पोलिसांना चित्रण लागलं तर त्यांच्याकडून लेखी मागणी घ्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अशा मागणीसाठी कलम ९४ आहे. फोनवर कोणी 'साहेबांनी मागितलंय' म्हटलं म्हणून क्लिप पाठवू नका. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यातला एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने सही करायचा असतो. आमच्या सभेत मी विचारलं, "ताबा कोणाचा?" अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी खजिनदारांकडे. खजिनदार चहा सांगायला उठले.

ठराव झाला, पण काठावर. विरोधात बोलणारे बहुतेक तेच, ज्यांच्या मोबाईलवरचं फाटक बंद झालं होतं. माजी सचिवांनी सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक संदेश टाकला, की इतकी वर्षं निःस्वार्थ सेवा केली त्याचं हे फळ. ते त्या ग्रुपमध्ये अजून का आहेत, हा माझा पुढच्या सभेसाठीचा अर्ज आहे, आणि तो मी पोचसहित दिलाय.