टॅगचा फोटो कसा वाचावा

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधून बाबांनी माझ्यासाठी लोकरी स्वेटर घेतला आणि तो धुवायचा कसा हे विचारायला टॅगचा फोटो पाठवला. फोटो आडवा होता. असा फोटो आधी फिरवून सरळ करावा. टबातला आकडा सुलटा दिसला, की बाकीची चिन्हेही सुलटी झाली.

टबात 30 आणि खाली दोन रेघा होत्या. म्हणजे पाणी 30 अंश सेल्सिअसपर्यंतच, आणि मशीन अगदी हलके. या रेघा बारीक असतात. टॅगला घडी पडली तर फोटोत दिसत नाहीत, म्हणून टॅग ताणून फोटो घ्यावा. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नाही.

खरी गफलत वाळवण्याच्या चौकोनात होते. आत आडवी रेघ असेल तर कपडा सपाट पसरायचा, उभी असेल तर दोरीवर टांगायचा. आडवा फोटो तसाच वाचला, तर पसरण्याची खूण टांगण्याची वाटते आणि ओली लोकर स्वतःच्या वजनाने ताणून स्वेटर लांबतो. इस्त्रीत एक ठिपका होता, म्हणजे सुमारे 110 अंश, वाफेविना.

बाबांना मी कळवले : "सकाळीच धुवा, उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी तापलेले असते. मशीन लोकरीच्या सेटिंगवर ठेवा, ब्लीच नको. पिळू नका, टॉवेलवर सपाट पसरा. इस्त्री मंद, वाफ बंद."